विमानतळ, शहरातला डीलर, फॉरेक्स कार्ड की क्रेडिट कार्ड: हजार युरोचा पूर्ण हिशेब

प्रश्न: आम्ही दोघं दहा दिवस पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटलीला जातोय. हॉटेलं आणि रेल्वेची तिकिटं इथूनच भरून झाली आहेत. तिकडे खाणंपिणं, फिरणं, खरेदी मिळून अडीच लाखांच्या आसपास खर्च धरलाय. एजंट म्हणतो सगळे पैसे युरोत फॉरेक्स कार्डवर टाका. दीर म्हणतात क्रेडिट कार्ड आहे ना, मग कशाला? आणि मिस्टरांचं म्हणणं, विमानतळावर निघताना घेऊ. नेमकं काय करावं?

उत्तर:

तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. गोंधळ होतो तो दर विचारण्यात. काउंटरवर माणसं विचारतात, ‘आज युरो काय भाव?’ मग मिळालेला आकडा दुसऱ्या दुकानाच्या आकड्याशी ताडून बघतात. पण या चारही मार्गांत तुमच्याकडून घेतले जाणारे पैसे चार वेगवेगळ्या ठिकाणी दडलेले असतात. विमानतळावर आणि शहरातल्या चलन विकणाऱ्या डीलरकडे ते दरातच असतात, फॉरेक्स कार्डात काही दरात आणि काही शुल्कात असतात, आणि क्रेडिट कार्डात दर चांगला दिसतो पण बँकेची वरची टक्केवारी, म्हणजे मार्कअप, बिलात येते. म्हणून नुसत्या दरांची तुलना करून काही हाती लागत नाही. विचारायचा प्रश्न असा: एक हजार युरो माझ्या हातात पडेपर्यंत, किंवा मी तिकडे खर्च करेपर्यंत, माझ्या खात्यातून सगळं धरून किती रुपये जातील?

परवानाधारक मनी चेंजरचं काउंटर आणि नंतर बँकेचा फॉरेक्स विभाग, या दोन्हीकडे काम केल्यामुळे हा हिशेब मी दोन्ही बाजूंनी बघितला आहे. तो तुमच्यासाठी मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून बाजारात युरो बरोबर १०० रुपयांना आहे असं धरू. बाजारात म्हणजे बँका आपापसात ज्या दराने व्यवहार करतात तो दर. मोबाइलवर शोधल्यावर जो आकडा दिसतो तो साधारण हाच. त्या दराला तुम्हाआम्हाला कोणी युरो देत नाही, पण मोजपट्टी म्हणून तो हवा. शंभर धरल्यामुळे वरचा प्रत्येक रुपया म्हणजे एक टक्का, हे आपोआप दिसेल. तुम्ही घ्यायला जाल त्या दिवशीचा खरा दर त्याच मिनिटाला बघा, कारण तो दिवसभर हलत असतो आणि सकाळचा दर संध्याकाळच्या भावाशी ताडून काही कळत नाही.

विमानतळापासून सुरुवात करू. तिथल्या काउंटरला जागेचं भाडं प्रचंड असतं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे दुसरीकडे जायला वेळ नसतो. दोन्हीची किंमत दरात येते. नोटांचा विक्रीदर १०९ धरला तर हजार युरोचे १,०९,००० रुपये झाले. त्यावर जीएसटी. हा जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चलन बदलताना १ लाख रुपयांपर्यंतच्या रकमेचा १ टक्का हे सेवेचं मूल्य मानलं जातं, १ लाखाच्या वर १० लाखांपर्यंतच्या भागाचा अर्धा टक्का, आणि त्या मूल्यावर १८ टक्के कर लागतो. इथे ते मूल्य १,०४५ रुपये, आणि कर १८८ रुपये. एकूण १,०९,१८८. काही काउंटर वर सेवाशुल्कही लावतात. ‘कमिशन नाही’ अशी पाटी असली तरी तिचा अर्थ एवढाच की वेगळं शुल्क घेत नाहीत. कमाई दरात झालेली असते.

शहरातल्या परवानाधारक डीलरकडे त्याच दिवशी नोटा १०१.८० ला मिळाल्या असं धरू. डीलरागणिक यात फरक पडतो, आणि हजारांच्या पटीत घेणाऱ्याला दर थोडा सोडलाही जातो, म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारायला हरकत नाही. हजार युरोचे १,०१,८०० आणि जीएसटी १८२, एकूण १,०१,९८२ रुपये. विमानतळापेक्षा हजारामागे सात हजारांहून जास्त वाचले. तुमचा सगळा खर्च अडीच हजार युरोच्या घरात जातो, म्हणजे तो सगळा विमानतळावर घेतला असता तर अठरा हजार रुपये नुसते दरात गेले असते. मिस्टरांना एवढं सांगितलंत तरी पुरे.

यात एक अपवाद आहे. विमानतळावर काउंटर चालवणाऱ्या काही कंपन्या संकेतस्थळावर आधी नोंदणी केली तर पाटीवरच्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने देतात, आणि नोटा तुम्ही तिथे जाऊन घ्यायच्या. शहरात जायला खरंच वेळ नसेल तर तो मार्ग बघावा, पण दर नोंदणीच्या वेळीच पक्का होतोय ना, हे वाचून घ्या.

आता फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधी भरून न्यायचं प्रीपेड कार्ड. बँका कार्डवर युरो भरताना साधारण दोन टक्क्यांच्या आसपास वर घेतात. १०२ धरू. हजार युरोचे १,०२,०००, जीएसटी १८२, आणि कार्ड देण्याचं शुल्क ३०० अधिक त्यावरचा कर मिळून ३५४. एकूण १,०२,५३६ रुपये. शुल्क माफ करून घेता येतं, तसं मागितलं तर बऱ्याचदा मिळतं, पण मुख्य घासाघीस भरण्याच्या दरावर करायची असते, कारण दर ५० पैशांनी उतरला तर अडीच हजार युरोवर साडेबाराशे रुपये वाचतात. कार्डवरच्या युरोतून युरो वापरणाऱ्या देशात दुकानात स्वाइप केलं तर पुढे वेगळं काही लागत नाही. एटीएममधून काढले तर दर खेपेला बँकेचं शुल्क लागतं आणि तिथल्या एटीएमवाल्याचंही लागू शकतं.

चौथं, क्रेडिट कार्ड. इथे दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो आणि तो बाजारदराला खूपच जवळ असतो. १००.३० धरू. त्यावर तुमची बँक मार्कअप लावते. नेहमीच्या कार्डांवर तो ३.५ टक्के असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात ४.१३ टक्के. हजार युरोच्या खर्चाचं बिल १,०४,४४२ रुपये येईल. फॉरेक्स कार्डपेक्षा हजारामागे एकोणीसशे रुपये जास्त. दिरांचं म्हणणं इथे कोसळतं असं वाटेल, पण त्यांचं कार्ड कोणतं आहे त्यावर ते अवलंबून आहे. काही कार्डांवर मार्कअप २ टक्के असतो, तेव्हा बिल १,०२,६६७ येतं, म्हणजे फॉरेक्स कार्डच्या बरोबरीला. आणि काही कार्डांवर मार्कअप शून्य असतो. तेव्हा १,००,३०० मध्ये काम होतं आणि वरचे तिन्ही मार्ग मागे पडतात. म्हणून सगळ्यात आधी तुमच्या आणि मिस्टरांच्या प्रत्येक कार्डचं शुल्कपत्रक काढून त्यात परकीय चलनाच्या व्यवहारावरचा मार्कअप किती आहे ते बघा. कार्डवर ‘ट्रॅव्हल’ लिहिलंय की नाही यावर जाऊ नका. तसलं नाव असलेल्या कार्डांवरही पूर्ण साडेतीन टक्के बघितले आहेत. शून्य मार्कअपच्या नावाने फक्त सहलीसाठी नवं कार्ड घेत असाल तर त्याची वार्षिक फी या हिशेबात मिळवा. अडीच हजार युरोवर तुमची बचत पाच-साडेपाच हजार आहे, फी त्याच्या आत बसली पाहिजे.

आतापर्यंत हिशेब सरळ आहे. पण माझ्याकडे परत येणाऱ्या लोकांच्या स्टेटमेंटमध्ये जे नुकसान दिसतं ते क्वचितच चुकीचा मार्ग निवडल्यामुळे झालेलं असतं. मार्ग बरोबर असतो, तो वापरताना पैसे गळतात. अशा तीन जागा आहेत आणि तिन्ही तुमच्या सहलीत येणार आहेत.

पहिली जागा स्वित्झर्लंड. तिथे युरो चालत नाही, फ्रँक चालतो. एजंटच्या सल्ल्यात मला हीच गोष्ट खटकली. सगळे पैसे युरोत भरलेत आणि इंटरलाकेनला जेवणाचं बिल कार्डने दिलंत, तर बिल फ्रँकमध्ये असतं, कार्डवर फ्रँक नसतात, मग बँक युरोच्या कप्प्यातून पैसे घेते आणि मध्ये चलनांतराचं शुल्क लावते. ते साधारण ३.५ टक्के असतं. म्हणजे तुम्ही युरो घेताना १०२.५४ रुपये मोजलेले आहेतच, त्यावर आणखी साडेतीन टक्के, मिळून एका युरोच्या खर्चाला १०६ रुपयांच्या वर. ज्या साध्या क्रेडिट कार्डपेक्षा स्वस्त म्हणून फॉरेक्स कार्ड घेतलं, त्याच्यापेक्षाही ते महाग पडलं. शिवाय ही गोष्ट त्या वेळी कळत नाही. पावतीवर फ्रँक असतात, मोबाइलवर युरो वजा झाल्याचा संदेश येतो, आणि दोन्हींचा मेळ कोणी घालत बसत नाही.

उपाय सोपा आहे. बहुतेक मोठ्या बँकांच्या बहुचलनी कार्डात फ्रँकचा कप्पा असतो. भरतानाच स्वित्झर्लंडच्या दिवसांपुरते फ्रँक वेगळे भरा. कार्ड घेताना बँकेला दोन गोष्टी विचारा: फ्रँक भरता येतात का, आणि एका कप्प्यात पैसे संपले तर कार्ड दुसऱ्या कप्प्यातून आपोआप घेतं का, आणि त्याला किती आकार पडतो. युरोच्या कप्प्यातून फ्रँकच्या कप्प्यात ॲपवरून पैसे हलवता येतात, पण त्यालाही बँकेचा दर लागतोच, तेव्हा तो मार्ग अडचणीपुरता ठेवा. स्वित्झर्लंडमधली काही पर्यटकी दुकानं युरोच्या नोटा घेतात, पण दर त्यांचा असतो आणि सुट्टे फ्रँकमध्ये मिळतात. एखाद्या वेळी चालेल, सवय लावू नका.

दुसरी जागा म्हणजे कार्ड मशिनचा पडदा, आणि तिन्हींत महाग ही आहे. पॅरिसच्या दुकानात तुम्ही कार्ड लावलं की मशिनला कळतं की कार्ड भारतातलं आहे. मग पडद्यावर दोन आकडे येतात, एक EUR आणि शेजारी INR. विक्रेता कधी मशिन तुमच्यासमोर धरतो, कधी सौजन्य म्हणून स्वतःच INR दाबून मोकळा होतो. रुपयांचा आकडा ओळखीचा असतो, म्हणून माणूस तोच निवडतो. पण तो आकडा दुकानाच्या मशिनमागच्या कंपनीने तिच्या दराने काढलेला असतो. बाजारात युरो १०० ला असताना तो १०६ धरलेला असेल तर शंभर युरोच्या बिलाचे १०,६०० झाले. इथे हिशेब संपत नाही. भारतातल्या बऱ्याच बँका परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या अशा व्यवहारावरही वेगळं शुल्क लावतात. १ टक्का अधिक कर धरला तर आणखी १२५ रुपये. शंभर युरोची वस्तू १०,७२५ रुपयांना पडली. म्हणजे विमानतळावरच्या दराच्या जवळ पोचलात, तेही नोटा न घेता.

फॉरेक्स कार्डवर हाच प्रकार झाला तर जास्त वाईट. कार्डात युरो आहेत, दुकान युरोचं आहे, आणि मध्ये रुपये घुसवले गेले. काही कार्डं असा व्यवहार सरळ नाकारतात, तुम्हाला वाटतं कार्ड बिघडलं. ज्या कार्डांवर तो होतो तिथे आधी दुकानाच्या दराने युरोचे रुपये होतात आणि मग बँक रुपयांचे परत युरो करून कप्प्यातून घेते. दोन्ही वेळा कापलं जातं. शून्य मार्कअपचं कार्ड असलं तरी या सापळ्यातून सुटका नाही, कारण पैसे बँकेने घेतलेले नसून दुकानाच्या बाजूने घेतलेले असतात.

म्हणून प्रत्येक वेळी EUR, आणि स्वित्झर्लंडमध्ये CHF. मशिन स्वतःकडे वळवून घ्या आणि स्वतः दाबा. पावतीवर रुपयांचा आकडा आणि बाजूला विनिमयदर छापून आला तर समजा रूपांतर झालं आहे. त्याच क्षणी व्यवहार रद्द करून परत युरोत करायला सांगा, तो हक्क तुम्हाला आहे. तिथून निघाल्यावर हे करता येत नाही. एटीएमवर शब्द जरा फसवे असतात. पडदा विचारतो की दाखवलेल्या दराने रूपांतर मान्य आहे का, आणि खाली Accept conversion आणि Decline conversion अशी बटणं असतात. Decline म्हटलं की पैसे मिळणारच नाहीत असं वाटून माणसं Accept दाबतात. Decline दाबलं तरी पैसे मिळतात, फक्त दर तुमच्या कार्डचा लागतो. एटीएमही शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेलं वापरा. प्रेक्षणीय स्थळांजवळ भिंतीत बसवलेली स्वतंत्र कंपन्यांची यंत्रं शुल्कही जास्त घेतात आणि रूपांतराचा आग्रहही जास्त धरतात.

एटीएमवरून आठवलं: क्रेडिट कार्डने रोख काढू नका. त्यावर रोख उचलीचं शुल्क, मार्कअप आणि काढल्या दिवसापासून व्याज, असं तिन्ही लागतं. शून्य मार्कअपच्या कार्डावरही पहिलं आणि शेवटचं लागू शकतं. रोख हवी तर फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड, आणि दहा वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदा पुरेसे काढा, कारण शुल्क खेपेवर असतं.

तिसरी जागा म्हणजे उरलेले पैसे. लोक कार्डवर ‘असू द्यावेत’ म्हणून जास्त भरतात. परत आल्यावर तीनशे युरो उरले तर ते रुपयांत करताना बँक खरेदीदर लावते, विक्रीदर नाही. १०२ ला घेतलेले युरो ९८ ला गेले तर तीनशेवर बाराशे रुपये गेले, वर थोडा जीएसटी. म्हणजे वापरलेच नाहीत त्या पैशांवर चार टक्के भरले. त्यामुळे थोडं कमीच भरावं आणि लागलं तर तिकडून ॲपवरून भर घालावी, असा माझा सल्ला असतो. मात्र शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो, आणि अनेक बँकांत त्या दिवशी टाकलेले पैसे सोमवारी जमा होतात. शुक्रवारी दुपारपर्यंत शिल्लक बघून घ्यायची सवय ठेवा.

दर आत्ता गोठवावा की उतरायची वाट बघावी, हा प्रश्न यातूनच पुढे येतो. फॉरेक्स कार्डवर भरल्या दिवसाचा दर कायम राहतो, क्रेडिट कार्डवर व्यवहार व्हिसा किंवा मास्टरकार्डकडे पोचतो त्या दिवसाचा लागतो. युरो वर जाईल की खाली, हे दोन महिन्यांपुरतं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. अर्धे पैसे आता आणि अर्धे निघायच्या आठवड्यात भरावेत, म्हणजे एकाच दिवसाच्या दरावर सगळं अवलंबून राहत नाही. परकीय चलन प्रवासाच्या तारखेआधी ६० दिवसांच्या आतच घेता येतं, त्यामुळे फार लवकर घेण्याचा प्रश्नही येत नाही.

हे सगळं धरून तुमच्यासाठी मी अशी विभागणी करेन. समजा तुमच्या क्रेडिट कार्डवर नेहमीचा साडेतीन टक्के मार्कअप आहे. तर तीनशे युरो आणि शंभर-सव्वाशे फ्रँक शहरातल्या डीलरकडून रोख घ्या. रोख कशाला, तर टॅक्सी, छोटी बेकरी, स्वच्छतागृह, आणि इटलीतला शहरकर, जो हॉटेलचे पैसे भरलेले असले तरी तिथे वेगळा द्यावा लागतो आणि बरीच छोटी हॉटेलं तो रोख मागतात. फॉरेक्स कार्डवर नऊशे युरो आणि सातशे युरोच्या मोलाचे फ्रँक भरा. फ्रँक एवढे कशाला असं वाटेल, पण स्वित्झर्लंडमधलं जेवण आणि डोंगरावरच्या रेल्वेची तिकिटं पॅरिसपेक्षा खिसा लवकर हलका करतात. युंगफ्राउचं तिकीट आधीच काढलेलं असेल तर हा आकडा खाली आणा. उरलेला पाचशे युरोचा खर्च क्रेडिट कार्डवर जाऊ द्या.

क्रेडिट कार्ड पूर्ण बाजूला का ठेवायचं नाही, त्याला कारण आहे. हॉटेलात शिरताना अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डवर ती फक्त मर्यादेतून अडते. फॉरेक्स कार्डवर मात्र तुमचे खरे पैसे अडतात, आणि हॉटेल सोडल्यावर मोकळे व्हायला कधी आठवडे लागतात. दोनशे युरो अडले आणि सहल संपल्यावर सुटले, तर वर सांगितलेला खरेदीदराचा तोटाही तुमच्याच माथी. गाडी भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या प्रीपेड कार्ड घेतही नाहीत. तेव्हा अनामत क्रेडिट कार्डवर, आणि शेवटचं बिल हवं तर फॉरेक्स कार्डने द्या.

तुमच्याकडे शून्य किंवा अगदी कमी मार्कअपचं कार्ड निघालं, तर माझं उत्तर बदलतं. मग नव्वद टक्के खर्च त्याच कार्डाने करा, रोख वर सांगितली तेवढीच घ्या, आणि फॉरेक्स कार्डवर तीन-चारशे युरो एवढ्यासाठी ठेवा की पहिलं कार्ड हरवलं किंवा अडलं तर हातात काही असावं. दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवू नका, एक तुमच्याकडे आणि एक मिस्टरांकडे. कोणतंही कार्ड नेणार असाल तरी निघण्याआधी ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डांवर तो मुळात बंद असतो, आणि पॅरिसच्या काउंटरवर उभं राहून ते शोधत बसण्यात फार जीव जातो.

डीलरकडे जाताना पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकिटाची प्रत न्या. पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यातून द्या, कारण रोखीने ५० हजारांच्या आतच देता येतात. मनी चेंजरकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का ते बघा, आणि पावती घ्या. ओळखीतल्या कोणाकडे उरलेले युरो आहेत म्हणून थेट त्यांच्याकडून घ्यावेत असं पुष्कळांना वाटतं. ते घेऊ नका. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार, म्हणजे फेमानुसार, अधिकृत नसलेल्या व्यक्तीकडून परकीय चलन विकत घेता येत नाही, आणि नोट खोटी निघाली तर तक्रार कोणाकडे करणार?

नोटा मोजून घेताना ५० आणि २० च्या मागा, थोड्या १० च्याही. युरोपीय मध्यवर्ती बँकेने ५०० ची नोट काढणं २०१९ मध्ये थांबवलं. ती अजून चलनात आहे, पण दुकानदार ती बघून हात मागे घेतात. २०० च्या नोटेलाही छोट्या दुकानात सुट्टे मिळत नाहीत. डीलरला मोठ्या नोटा संपवायच्या असतात, म्हणून तो त्या आधी पुढे करतो. एका माणसाला एका प्रवासात ३,००० डॉलरच्या मोलापर्यंत रोख नोटा नेता येतात, त्या मर्यादेच्या तुम्ही खूप आत आहात. भारतीय रुपये घेऊन तिकडे बदलायचा विचार असेल तर तो सोडा. रुपया तिथे फार थोड्या ठिकाणी घेतात आणि दर फार वाईट मिळतो. इथून बाहेर नेता येतात तेही २५ हजारच.

टीसीएस, म्हणजे चलन विकणाऱ्याने आगाऊ कापून घेतलेला आयकर, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एजंट कधी कधी त्याची भीती घालतात. रोख चलन आणि फॉरेक्स कार्ड हे दोन्ही परदेशी पैसे पाठवण्या-नेण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत मोजलं जातं, आणि एका आर्थिक वर्षात एका माणसाचं सगळं मिळून १० लाखांच्या वर गेलं तरच कर कापला जातो. परदेशात असताना क्रेडिट कार्डने केलेला खर्च सध्या त्यात धरत नाहीत. तुम्ही अडीच लाखांत आहात. याच वर्षी परदेशात शिकणाऱ्या मुलाला वगैरे मोठी रक्कम पाठवली असेल तर मात्र ती त्यात मिळवून बघा.

परतल्यावर उरलेल्या नोटा १८० दिवसांच्या आत मनी चेंजरला किंवा बँकेला परत करायच्या असतात. २,००० डॉलरच्या मोलापर्यंत तुम्ही स्वतःजवळ ठेवू शकता, आणि दोन वर्षांत परत युरोपला जायचं असेल तर थोडे ठेवणं विकण्यापेक्षा फायद्याचं, कारण खरेदी-विक्रीतला फरक वाचतो. विकायचे असतील तर मूळ पावती घेऊन ज्या डीलरकडून घेतले त्यालाच आधी विचारा. फॉरेक्स कार्डवर काही उरलं असेल तर ते बंद करून पैसे खात्यात घ्या, नाहीतर काही बँका न वापरलेल्या कार्डावरून दर काही महिन्यांनी शुल्क कापत राहतात. नाणी इथे सहसा कोणी घेत नाही, आणि फ्रँकचं ५ चं नाणं चांगल्या किमतीचं असतं. स्वित्झर्लंडमधून इटलीत जाताना शेवटच्या स्टेशनवर ती आधी संपवा.